विकणाऱ्यांची रांग

मामांच्या ऑफिसात तिला सगळे ब्रेकताई म्हणत. नाव दाढीने ठेवलं होतं. दाढी म्हणजे तिथला सगळ्यात जुना डीलर, क्लायंटचे सौदे टाकणारा. कुठला सौदा मोठा वाटला की ती टर्मिनलवरची लिमिट आवळायची, आणि दाढी खुर्ची गर्रकन फिरवून ओरडायचा, "लागला ब्रेक!" सगळे हसायचे, तीही हसायची. मामांनीच तिला एका मोठ्या कंपनीतल्या जोखीम विभागातून इथे आणलं होतं. "आमच्याकडे सगळे गाडी हाकणारे," ते तिच्या आईला म्हणाले होते, "थांबवणारं घरचं माणूस पाहिजे."

ब्रोकरचं लहानसं ऑफिस. एका इमारतीचा पहिला मजला, चार टर्मिनल, काचेची केबिन आणि दाराशी एक जुना सोफा. सोफ्यावर रोज सकाळी सिस्टर येऊन बसायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. घरी एकट्याच असत, म्हणून दुपारपर्यंत भाव बघत बसायच्या आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखादा शेअर घ्यायच्या. तोही मामा म्हणतील तो.

एका औषध कंपनीच्या शेअरवरून मामा-भाचीचं भांडण झालं ते लिमिटवरूनच. कंपनी छोटी, शेअरही फार कोणाला माहीत नसलेला. मामा स्वतः कारखाना बघून आले होते आणि पार भारावून गेले होते. ऑफिसचे स्वतःचे पैसे त्यात घालायचे त्यांनी ठरवलं. भांडवल शंभर धरलं तर त्यातले चाळीस.

"चाळीस?" ती म्हणाली. "मामा, दहाच्या वर नाही."

"अगं, स्टॉपलॉस लावणार आहे. पाच टक्के खाली गेला की आपोआप विकला जाईल. चाळिसाचे पाच टक्के म्हणजे किती? दोन. शंभरातले दोन गेले तर काय आभाळ कोसळतंय?"

"विकला गेला तर दोन. नाही विकला गेला तर?"

"नाही कसा विकला जाईल? रोज हजारोंनी सौदे होतात त्यात."

तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली. "मामा, या शेअरला दहा टक्क्यांचा पट्टा आहे. काल बंद झाला त्याच्या दहा टक्के खाली आज जाऊ शकतो, त्याखाली नाही. वाईट बातमी आली तर सकाळी थेट तळाला उघडेल आणि तिथेच चिकटेल. सगळे विकायला उभे, घ्यायला कोणी नाही. किंमत आणखी खाली गेली तर कदाचित गिऱ्हाईक येईल, पण खाली जायला परवानगी नाही. म्हणजे दिवस गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच. स्टॉपलॉस म्हणजे दारावरची घंटा आहे. वाजेल जोरात. पण दार उघडायला पलीकडे कोणी पाहिजे ना?"

"मग तू कसं मोजतेस?"

"पाच दिवस सलग दार बंद राहिलं असं धरते. दहा टक्क्यांनी पाच दिवस पडला तर शंभराचे एकोणसाठ राहतात. एकेचाळीस गेले. एका शेअरमध्ये आपण शंभरातले चारच घालवायचे असं ठरलंय. मग घ्यायचे किती? दहा. बाहेर पडता येणार नाही असं समजूनच किती घ्यायचं ते ठरवायचं. बाहेर पडता आलं तर बोनस."

मामा गोड हसले. या हसण्याची तिला धास्ती वाटायची, कारण ते हसले की त्यांचं ठरलेलं असायचं. "पोरी, तुझ्या हिशेबाने चाललो तर माणूस घराबाहेर पडायचा नाही." मग मालक म्हणून त्यांच्याकडे जो वेगळा पासवर्ड होता, तो वापरून त्यांनी स्वतःच लिमिट उचलली. ती पाय आपटत चहा करायला गेली.

दोन आठवडे शेअर जरासा वरच राहिला. मामा येता-जाता तिच्या टेबलावर बोटाने टकटक करायचे आणि पुढे निघून जायचे.

मग एके दिवशी बाजार उघडायच्या आधी बातमी आली. कंपनीच्या ऑडिटरने राजीनामा दिला. माल किती शिल्लक आहे याचा हिशेब कंपनी देत नाही, असं त्याने पत्रात लिहिलं होतं.

दाढीने बातमी मोठ्याने वाचली आणि शेवटचं वाक्य अर्धंच सोडलं. मामा केबिनमधून बाहेर आले. बाजार उघडला. शेअर दहा टक्के खाली उघडला आणि तिथेच थांबला. मामांचा स्टॉपलॉस लागलीच पेटला. स्क्रीनवर त्यांची विक्रीची ऑर्डर आली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. त्यांच्या पुढे लाखो शेअर विकणारे आधीच उभे होते. घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य होतं.

"ऑर्डर गेलीय ना?" मामांनी विचारलं.

"गेलीय," दाढी म्हणाला. "पण रांगेत आहे. लोअर सर्किट लागलंय, भाव तळाला अडकलाय."

"मग बाजारभावाने टाक! मिळेल तो भाव घे!"

"मामा, मिळेल तो भाव हाच आहे. याच्याखाली टाकता येत नाही. आणि या भावाला आपल्या आधी बाकीचे उभे आहेत."

मामा स्क्रीनकडे असे बघत राहिले, जणू कोणी त्यांच्याशी परक्या भाषेत बोलत होतं. दिवसभर तो आकडा हलला नाही. मधेच कुठून तरी शंभर-दोनशे शेअर घेणारा यायचा, रांगेतला पहिला माणूस सुटायचा, परत शून्य.

त्या दिवशी दुपारी मामांनी केलं ते तिला कळलं तेव्हा सौदा होऊन गेला होता. विकायला रांग होती, घ्यायला कसली रांग? घेणाऱ्याला तर बाजार पायघड्या घालून बसला होता. मामांनी फायनान्सवाल्याकडून, आपले चांगले शेअर तारण ठेवून, पैसे उचलले आणि तोच शेअर आणखी घेतला. चाळिसावर आणखी पंधरा. एका क्षणात मिळाले.

"ॲव्हरेज केलं," ते म्हणाले. "दहा टक्के स्वस्त मिळाला, सरासरी भाव खाली आला. ऑडिटर काय, येतात आणि जातात. कारखाना मी डोळ्यांनी बघितलाय."

ती खुर्चीतून उठली. "मामा, बाहेर पडायला दार नाही म्हणून आपण ओरडतोय आणि तुम्ही आणखी आत गेलात?"

"माझ्यावर ओरडू नकोस. मी हा धंदा करतोय तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस."

दाढी, दुसरा डीलर, हिशेबनीसबाई, सगळे खाली मान घालून बसले. सोफ्यावरच्या सिस्टरनी पिशवीतून विणकाम काढलं आणि उगाचच टाके मोजायला लागल्या.

दुसरा दिवस, तिसरा दिवस, चौथा दिवस. रोज नवा तळ, रोज तळाला कुलूप. दिवस संपला की सगळ्या ऑर्डरी रद्द व्हायच्या आणि दुसऱ्या सकाळी रांग नव्याने लागायची. म्हणून आता सकाळची पहिली मिनिटं हाच काय तो धंदा उरला. बाजार उघडण्याआधी ऑर्डर घ्यायला सुरुवात होते, त्या क्षणी जो पहिला तो पुढे. दाढी हात चोळत बसायचा, ऑर्डर आधीच टाइप करून ठेवायचा, आणि खिडकी उघडली रे उघडली की बटण दाबायचा. तरी पुढे लाखोंची रांग. मोठ्या कंपन्यांची यंत्रं माणसाच्या बोटापेक्षा वेगाने बटण दाबतात.

तिसऱ्या दिवशी दाढीचा नंबर बऱ्यापैकी लागला होता. मामांनी मागून हात घातला. "सगळे टाकलेस का? परवाचे पंधरा राहिले यात, वाढव आकडा." दाढी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ऑर्डरमधला आकडा वाढवला. आकडा वाढवला की ऑर्डर नवी धरली जाते. ती थेट रांगेच्या शेपटाला गेली. दाढीने डोक्याला हात लावला. राहिलेल्यांची वेगळी ऑर्डर टाकता आली असती. मामा ओशाळले, "बरं बरं," म्हणत केबिनमध्ये गेले, आणि दिवसभर बाहेर आले नाहीत.

पाचव्या दिवसापासून बाजाराने त्या शेअरचा पट्टा दहावरून पाच टक्क्यांवर आणला. मामांचा चेहरा जरा उजळला. "बघ, रोजचा तोटा निम्म्यावर आला."

तिला त्यांचा उजळलेला चेहरा मोडवेना, पण बोलणं भाग होतं. "तोटा निम्मा नाही झाला मामा, दिवस दुप्पट झाले. ज्या भावाला कोणीतरी घेईल, तिथे पोचायला आता जास्त वेळ लागणार. तोवर आपण आतच."

मामांनी मान हलवली. पहिल्यांदाच वाद घातला नाही, आणि तिला ते जास्त जिव्हारी लागलं.

इकडे कर्जाचे पैसे कशात अडकले ते कळल्यावर फायनान्सवाल्याचे फोन सुरू झाले. आधी "साहेब" म्हणायचा, मग नुसतं "ऐका" म्हणायला लागला. पडलेल्या शेअरकडे तो ढुंकून बघत नव्हता, कारण तो शेअर त्यालाही विकता आला नसता. त्याला तारण वाढवून हवं होतं, नाहीतर जे विकलं जातं ते तो विकणार होता. आणि जे विकलं जातं ते म्हणजे चांगलं. मामांनी वीस वर्षांत निगुतीने जमवलेले चांगल्या कंपन्यांचे शेअर एकेक करून बाहेर गेले. ती रोज बाजार बंद झाल्यावर हिशेब काढायची: घातलेल्या पंचावन्नाचे आता सदतीस, आता पस्तीस. ब्रोकरकडे स्वतःचं अमुक इतकं भांडवल शिल्लक असलंच पाहिजे असा नियम असतो. त्याखाली गेलं की टर्मिनल बंद. ती रेघ आता लांब नव्हती.

रात्री तिला झोप लागेना. दहाच घेतले असते तर आज काय झालं असतं, हा हिशेब तिने कितीदा केला असेल. शंभरातले साधारण चार गेले असते. चारचौघांत बसून शिव्या घातल्या असत्या आणि कामाला लागलो असतो.

मग सिस्टरची सकाळ आली.

त्या दिवशी दाढीचा नंबर कमालीचा चांगला लागला होता. बाजार उघडताच त्यांच्या ऑर्डरमधले थोडे शेअर गेलेही. म्हणजे ते रांगेच्या अगदी तोंडाशी होते. आता जो कोणी घ्यायला येईल, त्याला त्यांचेच शेअर मिळणार होते. पण घेणारा येईना.

सिस्टर सोफ्यावरून उठल्या आणि केबिनच्या दाराशी आल्या. "मामा, तुमचा तो औषधाचा शेअर फारच पडलाय हो. पार निम्म्याच्या आसपास आलाय. मी म्हणते, घेऊन ठेवू का? बँकेतली ठेव नुकतीच मोकळी झालीय, पडूनच आहे."

दाढीने खुर्ची केबिनकडे वळवली.

मामांनी मान वर केली. भाचीला त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. नाही म्हणावं हे दिसत होतं, आणि सिस्टरची ठेव किती आहे याचा अंदाज घेणंही दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "बघा बुवा. स्वस्त तर आहे. तुमची इच्छा."

"मग घेते," सिस्टर म्हणाल्या आणि दाढीकडे वळल्या. "लिही रे."

दाढीने कीबोर्डवर हात ठेवले. त्याने मामांकडे पाहिलं, मग ब्रेकताईकडे. त्या हातांना कोणीतरी थांबवावं असं त्याच्या डोळ्यांत होतं.

ती उठली. "सिस्टर, नका घेऊ."

"का गं?"

"त्या शेअरमध्ये विकणाऱ्यांच्या रांगेत पहिले आम्ही उभे आहोत. तुम्ही घेतलेत तर आमचेच शेअर तुमच्या गळ्यात पडतील. आम्ही सुटू आणि तुम्ही अडकाल. उद्या तुम्हाला विकायचे झाले तर विकता येणार नाहीत. आठवडा झाला, आम्ही रोज विकतोय आणि विकले जात नाहीत."

ऑफिसात आणखी तीन-चार क्लायंट होते. सगळ्यांनी ऐकलं. एक जण हातातला चहा तसाच ठेवून बाहेर फोन करायला गेला.

सिस्टर मामांकडे वळल्या. रागावल्या नाहीत. इतकंच विचारलं, "मामा, खरं आहे का हे?"

मामांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. "खरं आहे," ते म्हणाले.

सिस्टरनी विणकामाची पिशवी उचलली. "मी वॉर्डात तीस वर्षं काढली," त्या जाता जाता म्हणाल्या. "डॉक्टर खोटं बोलले की मला कळायचं. तुमचं कळलं नाही." आणि जिना उतरून गेल्या.

मामा तरातरा केबिनबाहेर आले. "बुडवलंस मला! चार लोकांसमोर! आत बोलावून सांगायचं होतंस!"

"आत बोलावेपर्यंत सौदा झाला असता."

"मी तिला घ्या म्हटलं नव्हतं!"

"नको पण म्हटलं नाहीत."

त्यांनी हात उगारला. खरंच उगारला, ज्या हाताने तिला सायकल शिकवली होती तो. मग तो हात तसाच हवेत राहिला, आणि ते मटकन सोफ्यावर बसले, सिस्टरच्या जागेवर. दाढी पाणी आणायला धावला.

दुपारपर्यंत बातमी पसरली. मामांचे पैसे अडकलेत, मामा बुडाले. लोक आपले शेअर दुसऱ्या ब्रोकरकडे हलवायच्या अर्जावर सह्या करून जाऊ लागले, पैसे मागू लागले. क्लायंटचे पैसे वेगळ्या खात्यात होते, सुरक्षित होते. तिने प्रत्येकाला तासाभरात दिले. पण जो तो दिलेले पैसे घेताना तिच्याकडे असं बघायचा की जणू ती काहीतरी लपवतेय. खरं बोलल्याची ही किंमत तिने धरली नव्हती. संध्याकाळी हिशेबनीसबाई डोळे पुसत म्हणाली, "ताई, तुम्ही बरोबरच केलंत. पण माझ्या पगाराचं काय होणार?"

संध्याकाळी मामी आल्या. मामी धंद्यात बरोबरीच्या भागीदार होत्या, पण ऑफिसात क्वचित यायच्या. कोणा क्लायंटच्या बायकोने त्यांना फोन केला होता. चप्पलही न काढता त्या केबिनमध्ये गेल्या आणि भाचीला म्हणाल्या, "काय झालं ते मला सांग. यांना मधे बोलू देऊ नकोस."

तिने सांगितलं. चाळीस, पंधरा, तारण, रांग, सिस्टर. मामींनी एकदाही मधे तोंड उघडलं नाही.

"आता काय उरलंय करण्यासारखं?"

"रोज सकाळी रांगेत उभं राहायचं. आणि कोणी घ्यायला आलं तर विकायचं. दुसरं काही नाही."

"कोणी आलं तर हे विकतील?"

प्रश्न मामांना नव्हता, तिला होता. तिने मामांकडे पाहिलं.

"अहो," मामी नवऱ्याकडे वळल्या. "लग्न झाल्यापासून तुम्ही एकही शेअर तोट्यात हसत विकलेला मी बघितला नाही. दर वेळी आणखी थोडं थांबू. उद्या खाली आलेला भाव जरा हलला की तुम्ही ऑर्डर काढाल. मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे." मग भाचीला म्हणाल्या, "यांचा पासवर्ड बंद कर. सही मी देते."

मामा खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी मान हलवली. होकारच होता तो. तिने बंद केला.

दुसऱ्या सकाळी दाढीचा नंबर मधेच कुठेतरी लागला. बाजार उघडला, तळाला कुलूप, रोजच्यासारखंच. रांगेत पंधरा लाख शेअर. मामी सोफ्यावर, मामा तिच्या खुर्चीच्या मागे उभे.

थोड्या वेळाने दाढी पुटपुटला, "हे काय?"

पंधराचे चौदा झाले होते. मग तेरा. कोणीतरी घेत होतं. फुटकळ नाही, हजारोंच्या गठ्ठ्यांनी. बारा लाख. ऑफिसात सगळे उभे राहिले.

"कोणीतरी मोठा उचलतोय!" मामांचा आवाज चिरकला. "आतली बातमी असणार! पोरी, ऑर्डर काढ! काढ लवकर! रांग संपली की सर्किट उघडेल, भाव वर जाईल. वर विकू!"

"नाही मामा."

"अगं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे! हे बघ, अकरा! फुकटात देऊन टाकशील सगळं!"

"रांग संपली नाही तर? काढलेली ऑर्डर परत टाकली तर शेवटी जाईल."

"संपतेय! डोळे फुटलेत का तुझे? संपतेय!"

ती हात मांडीखाली दाबून बसली, स्वतःच्याच बोटांवर भरवसा नव्हता. खरं सांगायचं तर तिलाही वाटत होतं की भाव वर जाईल. नऊ दिवसांनी पहिल्यांदा काहीतरी हलत होतं, आणि हललं की माणसाला वाटतंच. मामा केबिनकडे धावले. काचेतून दिसत होतं, ते पासवर्ड टाकत होते, परत टाकत होते, परत. मग त्यांनी कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला. बाहेर येऊन ते तिच्या खुर्चीपाशी चक्क गुडघ्यावर बसले.

"हात जोडतो तुला. आयुष्यात काही मागितलं नाही तुझ्याकडे. एवढी एक ऑर्डर काढ."

साठीतला माणूस. तिच्या आईचा भाऊ. तिने डोळे मिटून घेतले. मामी सोफ्यावरून उठल्या नाहीत, पण त्यांचा आवाज आला, "हात लावू नकोस गं."

"गेले," दाढी म्हणाला. "आपले जायला लागले."

आठ लाख. त्यांच्या ऑर्डरमधला आकडा झरझर उतरत होता. अर्धे गेले. दोन तृतीयांश गेले. पाच भागांतले चार गेले. आणि मग रांग थांबली.

सात लाखांवर थांबली. घेणाऱ्याचं पोट भरलं होतं, किंवा त्याला नको वाटलं. शून्य परत आलं. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. मग रांग परत वाढायला लागली, आठ, दहा, बारा. दिवसभर सर्किट उघडलंच नाही.

मामा जमिनीवरच बसले होते, टेबलाच्या पायाला टेकून. ऑर्डर काढली असती तर ते आता त्या बारा लाखांच्या मागे उभे असते. हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी हाताने तोंड झाकून घेतलं आणि खांदे हलू लागले. भाचीला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण उरलेला पाचवा भाग अजून रांगेत होता आणि आता तो पुढे होता. अधूनमधून येणारा एखादा लहान घेणारा थोडे थोडे उचलत होता. ती स्क्रीनसमोरून हलली नाही. शेवटचे शेअर जायला पुढचे काही दिवस लागले.

धंदा वाचला नाही. भांडवलाचा चौथा हिस्सा त्या एका शेअरने खाल्ला. तारण ठेवलेले चांगले शेअर पडत्या भावात विकावे लागले होते, त्याचा फटका वेगळा. राहिले होते ते क्लायंटही निघून गेले. मामींनी ऑफिसची जागा विकून फायनान्सवाल्याचे आणि कामाला होते त्यांचे सगळे पैसे चुकते केले. घर वाचलं. "आणखी आठवडा आत राहिलो असतो तर तेही गेलं असतं," मामी म्हणाल्या, कडवटपणा न आणता. दाढी एका मोठ्या ब्रोकरकडे लागला. हिशेबनीसबाईला बरेच दिवस काम मिळालं नाही. ब्रेकताईला मिळालं, दुसऱ्या कंपनीत, पुन्हा जोखीम विभागातच. तिथे तिला कोणी ब्रेकताई म्हणत नव्हतं.

मामा तिच्याशी बोलेनात. तिच्या आईच्या घरी आले की ती यायच्या आत उठून जायचे. आई म्हणायची, "तुझ्यावर राग नाही गं त्याचा. त्याला तुझ्याकडे बघवत नाही." तिला त्यातलं कुठलं जास्त दुखतं ते कळत नव्हतं.

काही महिन्यांनी त्या कंपनीचे सौदेच बाजाराने बंद केले. हिशेब खोटे निघाले होते. आता घेणंही नाही, विकणंही नाही. ज्यांच्याकडे शेअर होते ते त्यांच्याकडेच राहिले.

त्या संध्याकाळी तिच्या फोनवर मामांचं नाव आलं. तिने घाईघाईने उचलला.

"वाचलंस?" मामांनी विचारलं.

"वाचलं."

तिला वाटलं, आता ते म्हणतील की तू बरोबर होतीस. तिला ते ऐकायचं नव्हतं.

"पोरी, त्या दिवशी आपले शेअर ज्यांनी घेतले," मामा म्हणाले, "ती माणसं कोण असतील गं?"

"माहीत नाही मामा. पलीकडचं नाव दिसत नाही आपल्याला."

"हो. दिसत नाही." ते म्हणाले. "सिस्टर नव्हत्या ना पण त्यात?"

"नाही. त्या नव्हत्या. मी त्यांच्या घरी जाऊन आले मागे. ठेव बँकेतच आहे त्यांची."

"बरं झालं," मामा म्हणाले. आणि मग, मागून मामी काहीतरी विचारत असाव्यात, ते फोन तोंडापासून दूर धरून म्हणाले, "अगं हो, तिच्याशीच बोलतोय. सांगतो तिला. रविवारी जेवायला ये म्हणतेय तुझी मामी."

"येते," ती म्हणाली.